ठीक पाच, पण कुणाच्या घड्याळाचे

मी सगळ्यात जास्त ज्यांचा ऋणी आहे ते म्हणजे नांदूरघाटचे आमचे भूगोलाचे सर. आईवडिलांचं नाव आधी घ्यावं असं कुणी म्हणेल. पण माझे आईवडील दर वर्षी दिवाळीनंतर ऊस तोडायला जात आणि गुढीपाडव्याच्या सुमारास परत येत. त्या मधल्या महिन्यांत मला जेवायला कोण घालणार, शाळेत कोण बसवणार, हा प्रश्न सरांनी स्वतःच्या अंगावर घेतला. शाळेमागच्या पत्र्याच्या दोन खोल्यांत त्यांनी तोडणी कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृह चालवलं. मी तिथे राहिलो, दहावी झालो, पुढे अंबाजोगाईला पदवी घेतली. आमच्या घरात त्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. आज केजच्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी सहायक आहे. एवढीशी नोकरी, पण टेबलापुढे खुर्चीवर बसून करायची. माझ्या वडिलांना त्याचं फार अप्रूप वाटायचं.

सर निवृत्त झाले तरी वसतिगृह सुरूच होतं आणि मुलांचा भूगोलाचा तास ते तिथेच घेत. शनिवारी-रविवारी मी तिथे जायचो. मुलांना इंग्रजी शिकवायचो आणि सरांची कॉम्प्युटरची कामं करायचो, कारण सरांना फळा आवडे, स्क्रीन आवडत नसे. खोलीत पृथ्वीचा एक गोल होता. त्याच्यावरचा दक्षिण अमेरिकेचा रंग मुलांच्या बोटांनी पुसून गेलेला. भिंतीवर एक घड्याळ होतं आणि ते सर रोज सकाळी रेडिओबरोबर लावून घेत. वेळेच्या बाबतीत सर कडक. ‘ठीक पाच’ म्हणजे त्यांच्या लेखी पाचला पाच मिनिटं कमी असताना माणूस जागेवर बसलेला पाहिजे.

जे सांगायचं आहे ते ज्या वर्षी घडलं, त्याच्या आदल्या वर्षी वसतिगृह हंगामाच्या मध्यावर बंद पडलं होतं. जिथून मदत यायची ती थांबली. ऐन थंडीत आईबापांना निरोप पाठवावे लागले. कुणाचा मामा येऊन मूल घेऊन गेला, कुणाची आजी. ज्यांचं मागे कुणीच नव्हतं त्या मुलांना सर स्वतः एसटीने कारखान्यावर सोडून आले, उसाच्या पाचटाच्या झोपड्यांत, कोप्यांत.

त्या मुलांत एक मुलगी होती. तेव्हा पाचवीत, नंतर सहावीत. तिचा बाप शांत माणूस, कमी बोलायचा. पण नव्या हंगामाच्या आधी तो सरांकडे आला आणि ओट्यावर बसून म्हणाला, “सर, तुमच्या शब्दावर ठिवली व्हती. मधीच आणून सोडली. माझी तक्रार न्हाई. पन अवंदा मला पाडव्यापत्तूरचं नक्की सांगा. न्हाईतर मी संगंच नेतो.”

नक्की सांगणं सरांच्या हातात नव्हतं. ते तिघांच्या हातात होतं. परदेशातल्या एका छोट्या मंडळाने वसतिगृहाला मदत करायची तयारी दाखवली होती. त्यातल्या एक बाई लंडनमध्ये, एक डॉक्टर अमेरिकेत न्यू जर्सीला (मूळचे आपल्याच भागातले) आणि एक वयस्क गृहस्थ, तेही लंडनचेच. पत्रव्यवहार सगळा बाईंमार्फत. ऑक्टोबरच्या मध्यावर पहिली ऑनलाइन मीटिंग झाली. बाईंनी तेव्हाच सांगितलं होतं की लंडनमध्ये दुपारचे साडेबारा म्हणजे तुमच्याकडे संध्याकाळचे पाच, ही वेळ सगळ्यांना बरी.

सरांनी ते कागदावर लिहून घेतलं आणि विचारात पडले. दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी हेच उदाहरण फळ्यावर घातलं. लंडनजवळून शून्य रेखावृत्त जातं, आपली वेळ साडेब्याऐंशी अंशांवरून ठरते, प्रत्येक अंशाला चार मिनिटं, तर फरक किती? ती मुलगी बाकाखाली बोटं मोजत होती. सगळ्यांत आधी तिनेच हात वर केला. “साडेपाच तास.” सर म्हणाले, बरोबर. मग डोकं खाजवून म्हणाले की पण साडेबारा आणि पाच यांत साडेचारच तास आहेत. तिने पुन्हा मोजलं. “सर, साडेपाचच येतंय की.”

सरांनी मला फोन करून विचारायला लावलं. बाईंनी हसून सांगितलं की उन्हाळ्यासाठी आमच्याकडे घड्याळं एक तास पुढे केलेली असतात, म्हणून साडेचार. सरांनी मुलांना तसं समजावलं. गोलाचं उत्तर साडेपाचच, पण त्या लोकांनी काटा हलवून ठेवलाय, म्हणून साडेचार. मुलांना ही फार गमतीची गोष्ट वाटली. काटा हलवला तर सूर्य कसा ऐकतो, असं एकाने विचारलं. सर म्हणाले, सूर्य कुणाचंच ऐकत नाही.

पहिल्या मीटिंगमध्ये बाईंनी सांगितलं की निर्णय पुढच्या मीटिंगला होईल. पण त्याआधी आम्हाला आईवडिलांशी बोलायचंय. मुलं ठेवायची त्यांची स्वतःची इच्छा आहे का, हे त्यांच्या तोंडून ऐकायचंय. दोन आठवड्यांनी बुधवारी, याच वेळी. सरांना हे पटलं. बापाला शब्द पाहिजे होता आणि मंडळाला बाप पाहिजे होता. दोघांना समोरासमोर बसवलं की झालं.

ऊसतोडीला जाणारी गाडी भरायचाही तोच बुधवार निघाला. तोडणीच्या टोळीच्या मुकादमाने सांगितलं की पाचला मीटिंग असेल तर उरकून घ्या, पण दिवस मावळायच्या आत नारळ फुटून गाडी हलली पाहिजे. आमच्याकडे दिवेलागणीला घर सोडत नाहीत. त्या वेळी लक्ष्मी घरात येते आणि आपण बाहेर पडायचं, हे बायकांना सहन होत नाही. मुकादमाचं कारण वेगळं होतं. काही वर्षांपूर्वी त्याच्या सख्ख्या भावाची गाडी दिवे लागल्यावर निघाली होती आणि घाटात पलटी झाली होती. तेव्हापासून त्याच्या टोळीची गाडी उजेडातच हलते. त्या दिवसांत आपल्याकडे सूर्य सहाच्या थोडा आधीच मावळतो. पाच ते पावणेसहा, पाऊण तास. पुरेसा होता.

मीटिंगच्या आधीच्या शनिवारी मी नांदूरघाटला होतो. सर म्हणाले, एकदा विचारून घे. दोन्हीकडच्या वेळा लिहून विचार, म्हणजे घोळ नको. त्यांनी सांगितलं तसंच मी इंग्रजीत लिहून बाईंना पाठवलं, की बुधवारी भारतात संध्याकाळी ठीक पाच, लंडनमध्ये दुपारी साडेबारा, बरोबर ना? थोड्या वेळाने उत्तर आलं, “हो, साडेबारा. बुधवारी भेटू.” तरीसुद्धा मी फोनमध्ये लंडनचं घड्याळ लावून पाहिलं. आपल्यापेक्षा बरोबर साडेचार तास मागे. सरांनी फळ्याच्या कोपऱ्यात खडूने लिहिलं: बुधवार, ठीक ५. आणि त्याभोवती चौकट काढली.

बुधवारी मी अर्धी रजा टाकून गेलो. शाळेसमोर गाडी उभी होती. पिंपं, सरपणाच्या मोळ्या, गुंडाळलेल्या ताडपत्र्या, पिंजऱ्यात दोन कोंबड्या. बायकांनी वर्षभराचं तिखट बांधून घेतलं होतं. बाकीच्या मुलांच्या मागे आजीआजोबा होते. वसतिगृह चाललं नाही तर ते पोरांना सांभाळणार होते. अडचण त्या एका मुलीची होती. तिच्या मागे घरात कुणी नव्हतं. तिचं दप्तर सरांच्या खोलीत होतं आणि कपड्यांचं गाठोडं गाडीवर. ती मधे, ओट्यावर बसली होती.

पाचच्या आधी सगळे आत आले. आईवडील सतरंजीवर बसले आणि मी टेबलावर लॅपटॉप मांडला. कुणीतरी एका तरण्या पोराला म्हणालं, “आरं, केस तर विंचर, विलायतंत दिसणार हायस.” तो म्हणाला, “दिसू दे की. तिकडं बी कोयता लागत आसंल.” सगळे हसले. सर हसले नाहीत. ते भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होते.

पाच वाजले. स्क्रीनवर लिहून आलं की मीटिंग अजून सुरू झालेली नाही, वाट पाहा. आम्ही वाट पाहिली. मला वाटलं रेंज गेली. मी लॅपटॉप उचलून खिडकीत ठेवला, बंद करून पुन्हा लावला. तीच ओळ. बाईंना मेसेज केला. एकच टिक आली, म्हणजे फोन बंद. सर म्हणाले की मोठी माणसं, पाचदहा मिनिटं इकडेतिकडे. हे वाक्य त्यांच्या तोंडी मी पहिल्यांदाच ऐकलं.

पाच वाजून वीस मिनिटांनी मी उगाच, काहीतरी करायचं म्हणून, फोनमधलं लंडनचं घड्याळ उघडलं. तिथे अकरा पन्नास झाले होते.

शनिवारच्या हिशोबाने बारा पन्नास व्हायला हवे होते. मी दोनदा बघितलं. मग सरांना बाहेर बोलावलं आणि फोन दाखवला. सरांनी चष्मा वर केला, आकडे पाहिले, ओठ हलवत मोजलं आणि हळूच म्हणाले, “साडेपाच.”

रविवारी पहाटे त्या लोकांनी काटा पुन्हा जागेवर आणून ठेवला होता. ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. आम्ही शनिवारी विचारलं, तेव्हा फोनही खरं बोलत होता. बाईही खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांनी त्यांच्या घड्याळाला हो म्हटलं होतं. आमच्या घड्याळाला कुणी हो म्हटलंच नव्हतं, आणि ते आमच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांचे साडेबारा म्हणजे आता आमचे सहा.

मी फोन लावत राहिलो. बाईंचा बंद. डॉक्टरांचा नंबर आमच्याकडे नव्हता. सर मुकादमाकडे गेले. मी मागे उभा होतो. सरांनी त्याला सगळं नीट सांगितलं, अगदी वर्गात सांगावं तसं. काटा, उन्हाळा, रविवार. मुकादमाने ऐकून घेतलं. तो उद्धट माणूस नव्हता. पण म्हणाला, “सर, विलायतंच्या घड्याळावर माझी गाडी कशी चालंल? दिवस तर हितंच मावळायलाय.”

सरांनी सव्वासहापर्यंत थांबायला विनवलं. सरांना विनवताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मुकादमाने मान खाली घातली आणि म्हणाला की माझ्या भावजयीला विचारा, ती त्या गाडीत बसलीय. मी वळून पाहिलं. गाडीत मागच्या बाजूला एक विधवा बाई पदर तोंडाशी धरून पश्चिमेकडे पाहत बसली होती. सर परत आले.

आत बापाने सतरंजीवरून उठून विचारलं, काय झालं. सरांनी सांगितलं की मीटिंग आहे, पण सहाला आहे. बाहेर ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं. मग बाप म्हणाला, “सर, तुमीच सांगा. हुईल का न्हाई?”

मी मनातल्या मनात सरांना म्हणत होतो, हो म्हणा. सगळी चिन्हं चांगली होती. पहिल्या मीटिंगला त्या लोकांचा सूर चांगला होता. नुसतं एक ‘हो’ म्हटलं असतं तर गाठोडं गाडीवरून खाली आलं असतं. सरांनी त्या मुलीकडे पाहिलं. ती दारात येऊन उभी होती. मला वाटतं, त्यांना आदल्या वर्षीची एसटी आठवली असावी. कारखान्याचा रस्ता, आणि मांडीवर दप्तर घेऊन बसलेली तीच.

“मला माहीत नाही,” सर म्हणाले.

बापाने मान हलवली. त्याच्या तोंडावर राग नव्हता. उलट खरं सांगितल्याबद्दल तो नमस्कार करून गेला. मुलीने दप्तर उचलायला हात पुढे केला, पण आईने ते तिथेच राहू दे म्हणून खूण केली. मुलगी गाडीत चढली. समोरच्या चाकापाशी नारळ फोडला, खोबऱ्याचे तुकडे वाटले. माझ्याही हातात एक आला. गाडी केजच्या रस्त्याला लागली तेव्हा शाळेच्या भिंतीवर उन्हाचा एक पट्टा उरला होता. सर फाटकाशी उभे होते. मी लहान असताना, माझे आईबाप जायचे तेव्हा, ते माझ्या खांद्यावर हात ठेवून तिथेच उभे राहायचे.

बरोबर सहाला स्क्रीनवर तीन चेहरे आले. वेळेवर आल्याचं समाधान तिघांच्याही चेहऱ्यावर होतं. बाई आगगाडीतून उतरून धावत आल्या होत्या आणि आमचे मेसेज त्यांनी अजून पाहिले नव्हते. आईवडील कुठे आहेत, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. बाईंनी तोंडावर हात ठेवला. न्यू जर्सीचे डॉक्टर मराठीतच म्हणाले की आज माझ्या कॅलेंडरमध्ये पण मीटिंग एक तास उशिरा दिसत होती, मला वाटलं तुम्हीच बदलून घेतली असेल. त्यांच्याकडची घड्याळं अजून हलायची होती. आमच्याकडची हलतच नाहीत. आणि प्रत्येकाला दुसऱ्याने बदललं असेल असं वाटलं.

मग त्यांनी फार चर्चा केली नाही. पाडव्यापर्यंतची मंजुरी त्याच बैठकीत दिली. सर “थँक्यू” म्हणाले. मी लॅपटॉप मिटला. स्वयंपाकाच्या मावशींनी दिवा लावला होता.

मी लगेच बापाला फोन केला. गाडी फार लांब गेली नव्हती. म्हटलं, झालं, मंजूर झालं, मी मोटारसायकलवर येतो, पोरीला घेऊन जातो. मागून इंजिनाचा आवाज येत होता. तो म्हणाला, “नारळ फुटला की आता. निघालेलं मानूस माघारी वळत न्हाई. आन दिवे लागल्यावर लेकरू रस्त्यात उतरवून दिऊ का?” नंतर म्हणाला, “सरांना सांगा, वाईट वाटून घिऊ नका म्हनावं.”

सरांनी नंतर दोनदा निरोप पाठवला की कुणी इकडे येत असेल तर तिला पाठवा. पण तोवर कोपीत धाकट्या भावाला सांभाळायला तीच होती आणि तिच्यावाचून आईचं काम अडत होतं. पाडव्याला ती आली तेव्हा तिचे हात उसाच्या पात्यांनी कापलेले होते. जूनमध्ये शाळेत एकदाच येऊन गेली. मागच्या बाकावर बसली होती, उठली आणि गेली. तिचं दप्तर बरेच दिवस सरांच्या खोलीत होतं. पुढे तिचं लग्न झाल्याचं कळलं. ती नवऱ्याबरोबर कोयत्यावर, ऊस तोडायला, जाऊ लागली. तेव्हा तिचं वय काय होतं, ते मी इथे लिहीत नाही.

वसतिगृह त्या वर्षी पाडव्यापर्यंत चाललं, नंतरच्या वर्षीही. सर मात्र पहिल्यासारखे राहिले नाहीत. भूगोलाचा तास त्यांनी माझ्याकडे दिला. भिंतीवरचं घड्याळ रेडिओबरोबर लावणं त्यांनी सोडून दिलं. आता त्यांची दृष्टी अधू झाली आहे आणि ते लातूरला लेकीकडे असतात. फोनवर त्यांना नीट ऐकू येत नाही, म्हणून मी पत्र लिहितो आणि लेक ते वाचून दाखवते. दर ऑक्टोबरमध्ये ते एकच गोष्ट विचारून पाठवतात: काटा कधी हलणार?

यंदा मी त्यांना पाठवलेलं पत्र असं आहे.

तीर्थस्वरूप सरांच्या चरणी साष्टांग नमस्कार.

तुमचा निरोप मिळाला. त्यांचा काटा या महिन्याच्या शेवटच्या रविवारी मागे येतो. त्यानंतर फरक साडेपाच तासांचा, म्हणजे फळ्यावर तुम्ही काढला होता तोच. आपले पाच म्हणजे त्यांचे साडेअकरा. मी बाईंना लिहिताना दोन्ही वेळा लिहिल्या आणि उत्तरातही दोन्ही लिहून मागितल्या. नुसतं ‘हो’ चालणार नाही, असं स्पष्ट लिहिलं. दोन्ही लिहून आल्या आहेत. सोमवारी पुन्हा एकदा विचारीन.

मुकादमाशीही बोललो. यंदा गाडीचा नारळ गुरुवारी आहे आणि मीटिंग मंगळवारी ठेवली आहे. घड्याळ चुकलंच तरी मधे एक दिवस राहतो.

केजच्या स्टँडवर मागच्या महिन्यात ती भेटली. कडेवर मुलगी होती. तिने आधी तुमचीच चौकशी केली. मी म्हणालो, लातूरला असतात, बरे आहेत. तिची मुलगी सहा वर्षांची झाली की आपल्याकडे ठेवता येईल का, असं विचारत होती. मला पटकन हो म्हणावंसं वाटलं. सर, त्या दिवशी तुमच्या जागी मी असतो तर हो म्हणून मोकळा झालो असतो, आणि ते खरंही ठरलं असतं. तरी तुमचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. या गोष्टीचा निकाल माझ्याच्याने लागत नाही. मी तिला सांगितलं की तेव्हा वसतिगृह असेल की नाही ते मला आज माहीत नाही, पण असेल तर जागा तिची. त्या दिवशी तिच्या बापाने तुमच्यापुढे मान हलवली होती, तशीच तिने हलवली.

तिचं दप्तर मी कपाटात ठेवलं आहे.

तब्येत सांभाळा. मंगळवारी मी तासभर आधीच जाऊन बसेन.

तुमच्या पत्र्याच्या खोलीत वाढलेला